मोबाइल हॉटस्पॉटवर ऑनलाइन गेम: उशीर नेमका कुठे होतो?

हॉटस्पॉटवर गेम अडखळू लागला की बहुतेक जण पहिल्यांदा स्पीड टेस्ट करतात, तिथे 40 एमबीपीएस दिसतात आणि मग गोंधळात पडतात, कारण आकडा चांगला असूनही समोरचा खेळाडू मध्येच गायब होऊन दोन पावले पुढे उगवत असतो. हा गोंधळ मुळात चुकीची गोष्ट मोजल्यामुळे होतो. स्पीड म्हणजे एका सेकंदात किती डेटा वाहून नेता येतो हे सांगणारा आकडा. गेमला मात्र अगदी थोडा डेटा लागतो, पण तो ठरलेल्या वेळी पोहोचावा लागतो. म्हणून हॉटस्पॉट गेमसाठी चालेल की नाही हे ठरवताना तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात: डेटाच्या एका छोट्या तुकड्याला, म्हणजे पॅकेटला, सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, म्हणजे लेटन्सी किंवा पिंग, त्या वेळेत क्षणोक्षणी होणारा चढउतार, म्हणजे जिटर, आणि एकूण खर्च होणारा डेटा. यांपैकी पहिल्या दोन्हींचा उगम शोधता येतो आणि बऱ्याचदा त्यावर उपायही करता येतो, म्हणून या लेखात भर त्यांच्यावर आहे.

उदाहरणासाठी कोल्हापुरात भाड्याच्या खोलीत राहणारी एक विद्यार्थिनी घेऊ. तिच्याकडे विंडोज 11 चा लॅपटॉप आहे, घरी ब्रॉडबँड नाही, आणि ती अँड्रॉइड फोनच्या 4जी हॉटस्पॉटवर व्हॅलोरंट खेळते. या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. तिने माउसचे बटण दाबल्यावर ती माहिती लॅपटॉपमधून वायफायने फोनकडे जाते, फोनमधून रेडिओ लहरींनी मोबाइल टॉवरकडे जाते, टॉवरपासून कंपनीच्या केबलने मुंबईला पोहोचते आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. या वाटेचे तीन टप्पे आहेत आणि तिन्हींचा स्वभाव पूर्णपणे वेगळा आहे.

अंतराने सर्वांत मोठा टप्पा केबलचा असला तरी वेळेच्या दृष्टीने तो सहसा सर्वांत निरुपद्रवी असतो. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे 400 किलोमीटरच्या वाटेला एका बाजूने 2 मिलिसेकंद आणि जाऊन-येऊन 4 मिलिसेकंद लागतात. वाटेतली उपकरणे आणि वळसे धरून त्यात आणखी काही मिलिसेकंदांची भर पडते. हाच सर्व्हर सिंगापूरला असता तर सरळ रेषेतले अंतरच सुमारे 3,900 किलोमीटर असल्यामुळे जाण्या-येण्यात किमान 39 मिलिसेकंद गेलेच असते, आणि कुठलाही प्लॅन किंवा फोन घेऊन ते वाचवता आले नसते. त्यामुळे गेमच्या सेटिंगमध्ये मुंबईचा सर्व्हर निवडलेला आहे ना, एवढे एकदा पाहिले की केबलच्या टप्प्याविषयी आपल्या हातात फारसे काही उरत नाही.

खरा वेळ जातो तो फोन आणि टॉवर यांच्यामधल्या रेडिओ टप्प्यात. एकाच टॉवरवर शेकडो फोन असतात, आणि कोणी केव्हा पाठवायचे हे टॉवर ठरवतो. टॉवरकडून फोनकडे येणारी माहिती टॉवर स्वतःच्या वेळापत्रकाने पाठवतो, पण फोनला काही पाठवायचे असेल तर आधी परवानगी मागावी लागते, टॉवरकडून पाळी मिळावी लागते आणि त्यानंतरच पॅकेट निघते. या देवाणघेवाणीत सहज दहा-वीस मिलिसेकंद जातात, आणि टॉवरवर गर्दी असेल तर पाळी आणखी उशिरा येते. त्यातच पॅकेट रेडिओत बिघडले तर 4जीमध्ये ते पुन्हा पाठवण्याची एक फेरी साधारण 8 मिलिसेकंदांची असते. रेंज कमी असेल तर एकाच पॅकेटसाठी अशा दोन-तीन फेऱ्या होतात. मोबाइल नेटवर्क पॅकेट सहजासहजी हरवू देत नाही, ते पोहोचेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवते, ही व्यवस्था संकेतस्थळ उघडण्यासाठी उत्तम आहे. पण गेममध्ये उशिरा पोहोचलेल्या पॅकेटचा उपयोग हरवलेल्या पॅकेटइतकाच असतो. चांगली रेंज असलेल्या 4जीवर मुंबईच्या सर्व्हरचा पिंग तीस ते साठ मिलिसेकंदांच्या आसपास राहतो तो मुख्यतः या टप्प्यामुळे.

आता जिटर. गेमचा सर्व्हर ठरावीक अंतराने जगाची स्थिती पाठवत असतो. व्हॅलोरंटचे सर्व्हर सेकंदाला 128 वेळा हिशेब करतात, म्हणजे दोन हिशेबांमध्ये सुमारे 7.8 मिलिसेकंदांचे अंतर असते. तुमच्या पडद्यावर दिसणारा शत्रू हा नुकत्याच आलेल्या काही पॅकेटांवरून जुळवलेला असतो, आणि पुढचे पॅकेट वेळेवर येईल असे गृहीत धरूनच त्याची हालचाल गुळगुळीत दाखवली जाते. पॅकेट आलेच नाही तर गेम काही क्षण अंदाजाने त्याला पुढे चालवतो, आणि खरी माहिती आल्यावर त्याला झटक्यात योग्य जागी नेऊन ठेवतो. शत्रू उगवल्यासारखा दिसतो तो यामुळे. म्हणूनच सतत 65 मिलिसेकंद पिंग असलेला खेळाडू, सरासरी 40 असूनही मधूनच 180 वर उसळणाऱ्या खेळाडूपेक्षा चांगल्या स्थितीत असतो. रोज वीस मिनिटे उशिरा येणाऱ्या एसटीशी माणूस जुळवून घेतो. कधी वेळेवर आणि कधी तासभर उशिरा येणाऱ्या एसटीशी जुळवून घेता येत नाही. सरासरी पिंगच्या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही तो याच कारणासाठी, कारण सरासरी काढताना नेमक्या त्रास देणाऱ्या उसळ्याच पुसल्या जातात.

उसळ्या कुठून येतात हे शोधायला वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी फोनचा पत्ता शोधायचा. `ipconfig` टाइप केल्यावर येणाऱ्या मजकुरात वायफाय अडॅप्टरखाली `Default Gateway` समोर जो आकडा दिसतो, तो म्हणजे तुमचा फोन. आपल्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर तो 192.168.43.1 आहे असे धरू. तुमच्याकडे तो वेगळा असू शकतो, आणि आयफोनच्या हॉटस्पॉटवर तो 172.20.10.1 असतो. मग दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून एकीत फोनला आणि दुसरीत इंटरनेटवरच्या एका पत्त्याला एकाच वेळी पिंग करायचे.

```
ping -n 100 192.168.43.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिली ओळ फक्त लॅपटॉप ते फोन हा वायफायचा टप्पा मोजते, तर दुसरी ओळ वायफाय, रेडिओ आणि केबल हे तिन्ही टप्पे मिळून मोजते. दुसऱ्या खिडकीतला पहिला आकडा बऱ्याचदा मोठा येतो, कारण निवांत पडलेल्या फोनला टॉवरशी संपर्क नव्याने जोडावा लागतो. तो सोडून द्यावा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ही आज्ञा सेकंदाला एकच पॅकेट पाठवते आणि मधल्या वेळेत बॅटरी वाचवण्यासाठी फोनचा रेडिओ डुलकी घेतो, त्यामुळे इथला आकडा गेममध्ये दिसणाऱ्या पिंगपेक्षा थोडा जास्त असू शकतो. गेम सतत पॅकेट पाठवत असल्यामुळे तिथे रेडिओ जागा राहतो.

समजा तिच्या दोन्ही खिडक्यांच्या शेवटी असे आकडे आले:

```
Minimum = 2ms, Maximum = 187ms, Average = 14ms
Minimum = 34ms, Maximum = 241ms, Average = 58ms
```

दुसरी ओळ एकटी पाहिली असती तर दोष मोबाइल कंपनीला दिला गेला असता. पण पहिली ओळ सांगते की एकाच खोलीत, दोन फुटांवर ठेवलेल्या फोनपर्यंत जाऊन यायलाच एकदा 187 मिलिसेकंद लागले. जिथे 2 मिलिसेकंदांत काम होते तिथे सरासरी 14 येणे म्हणजे उसळी एकट्या पॅकेटपुरती नव्हती. म्हणजे इथला मोठा दोष टॉवरचा नसून वायफायचा आहे.

हॉटस्पॉटचे वायफाय हे घरातल्या राउटरच्या वायफायसारखे नसते. फोनचा अँटेना छोटा, त्याची शक्ती कमी, आणि अनेक फोन मूळ सेटिंगमध्ये हॉटस्पॉट 2.4 गिगाहर्ट्झवरच चालू करतात. ज्या इमारतीत प्रत्येक खोलीत एकेक राउटर आहे तिथे हा पट्टा आधीच भरलेला असतो, आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालते. ब्लूटूथ इअरफोन लावून खेळणाऱ्याचा आवाज आणि गेम दोन्ही त्याच चिंचोळ्या जागेत एकमेकांना ढकलत असतात. शिवाय लॅपटॉप अधूनमधून आजूबाजूची वायफाय नेटवर्के शोधत असतो, आणि तेवढ्या क्षणी त्याचा रेडिओ आपला चॅनेल सोडून दुसरीकडे पाहत असतो. उसळ्या ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारख्या येत असतील तर संशय या शोधावर घ्यावा.

अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड 5 गिगाहर्ट्झ करता येतो, आणि आयफोन 12 व त्यानंतरच्या फोनवर `Maximize Compatibility` बंद ठेवले की तेच होते. पण लॅपटॉप शेजारीच असेल तर यापेक्षा सरळ उपाय म्हणजे वायफायचा टप्पाच काढून टाकणे: यूएसबी टिथरिंग. फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडावा, फोनमधला हॉटस्पॉट बंद करावा आणि `USB tethering` चालू करावे. केबल फक्त चार्जिंगची असेल तर हा पर्याय निवडताच येत नाही, आणि म्हणून अनेक जण फोनमध्ये ही सोय नाही असे समजतात. फोनचे स्वतःचे वायफायही बंद असावे, नाहीतर फोन एखाद्या ओळखीच्या वायफायला जोडला जाऊन मोबाइल डेटाऐवजी तेच पुढे देऊ लागतो. आयफोनसाठी विंडोजवर ॲपलचे सॉफ्टवेअर आधी टाकावे लागते. आपल्या विद्यार्थिनीने हे करून `Default Gateway` पुन्हा पाहिला, कारण तो आता बदललेला असतो, आणि तीच चाचणी केली, तर आकडे साधारण असे व्हायला हवेत:

```
Minimum = 1ms, Maximum = 3ms, Average = 1ms
Minimum = 31ms, Maximum = 92ms, Average = 47ms
```

पहिली ओळ आता निर्दोष आहे. दुसरीत जे 31 ते 92 उरले ते मोबाइल नेटवर्कचे खरे वागणे, आणि पुढचा शोध तिथे घ्यायचा.

या उरलेल्या भागात मला सर्वांत जास्त खटकते ते एका अडचणीकडे होणारे दुर्लक्ष, कारण तिचा त्रास टॉवरच्या गर्दीइतकाच होतो आणि ती मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते. ती म्हणजे अपलोडची रांग. फोन जेवढ्या वेगाने टॉवरकडे पाठवू शकतो त्यापेक्षा जास्त डेटा लॅपटॉपने फोनकडे ढकलला, तर जास्तीचा डेटा फोनच्या आत रांगेत थांबतो. समजा अपलोडचा वेग 4 एमबीपीएस आहे, म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी, आणि पार्श्वभूमीत फोटोंचा बॅकअप चालू झाल्यामुळे रांगेत अर्धा एमबी साचला. आता गेमचे शंभर-दीडशे बाइटचे पॅकेट या रांगेच्या शेवटी उभे राहते आणि त्याला फक्त निघायलाच एक सेकंद लागतो. स्पीड टेस्ट हे दाखवत नाही, उलट रांग भरलेली राहिली तर वेगाचा आकडा चांगलाच येतो. ओळखायची खूण अशी की पिंग एकाएकी उसळून लगेच खाली येत नाही. तो 50 वरून 300, 600, 900 असा चढत जातो, काही काळ तिथेच राहतो आणि अपलोड संपल्यावर पुन्हा 50 वर येतो.

हॉटस्पॉटवर ही रांग जास्त सहज भरते, कारण विंडोजला हॉटस्पॉट हे साधे वायफाय वाटते आणि वायफायवर जे जे मोकळेपणाने करायचे ते सगळे तो करू लागतो: वनड्राइव्ह फाइली पाठवतो, विंडोज अपडेट उतरवतो, आणि काही वेळा आधी उतरवलेल्या अपडेटचे तुकडे इंटरनेटवरच्या इतर संगणकांना वाटूनही देतो. यासाठी विंडोजमध्ये त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन `Metered connection` चालू करावे. यूएसबी टिथरिंग हे विंडोजला इथरनेट म्हणून दिसते, त्यामुळे वायफायसाठी केलेले हे सेटिंग त्याला लागू होत नाही आणि ते तिथे वेगळे करावे लागते. नेमके इथेच अनेकांचे राहून जाते. गेमचे लाँचर ही सूचना पाळतीलच असे नाही, म्हणून त्यांची आपोआप अपडेट होण्याची सोय त्यांच्याच सेटिंगमधून आवरावी. शिवाय ज्या फोनवर हॉटस्पॉट चालू आहे तो फोनही स्वतः बॅकअप घेत असू शकतो, आणि त्याची पॅकेटेही त्याच रांगेतून जातात.

फोनची जागाही महत्त्वाची आहे. अँड्रॉइडमध्ये फोनविषयीच्या माहितीत सिमच्या स्थितीखाली सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. हा आकडा उणे असतो. 4जीवर तो उणे 85 च्या आसपास असेल तर उत्तम, आणि उणे 110 च्या पलीकडे गेला तर पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवावे लागणार हे गृहीत धरावे. टेबलावरून खिडकीच्या कठड्यावर ठेवल्याने फोन दहा डीबी सुधारू शकतो, म्हणजे सिग्नलची शक्ती दहापट होते, आणि यूएसबी केबल थोडी लांब असेल तर हा प्रयोग सहज करता येतो. मात्र कठड्यावर ऊन असेल तर फोन तापतो. चार्जिंग, मोबाइल डेटा आणि टिथरिंग एकाच वेळी चालू असल्याने तो आधीच गरम असतो, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे फोन स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो किंवा 5जीवरून 4जीवर येतो. खेळ सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने पिंग बिघडत असेल, आणि आधी ठीक असेल, तर फोनच्या पाठीला हात लावून पाहावा.

दोन सिमच्या फोनविषयी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अनेक फोनमध्ये दोन्ही सिम एकाच रेडिओवर चालतात, त्यामुळे डेटा एका सिमवर असताना दुसऱ्या सिमवर फोन आला तर डेटा थांबू शकतो आणि गेम थेट तुटतो. काही फोनमध्ये कॉल चालू असताना डेटा दुसऱ्या सिमवर वळवण्याचे सेटिंग असते. ते नसेल तर खेळताना दुसरे सिम तात्पुरते बंद ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे.

डेटाच्या खर्चाची भीती मात्र बहुतेक वेळा अनाठायी असते. हिशेब सोपा आहे. समजा गेम सेकंदाला 64 पॅकेट पाठवतो आणि तेवढीच घेतो. जाणारे पॅकेट सरासरी 150 बाइटचे आणि येणारे 400 बाइटचे आहे. मग सेकंदाला 64 गुणिले 550, म्हणजे 35,200 बाइट झाले, आणि तासाला सुमारे 127 एमबी. गेमप्रमाणे हा आकडा निम्मा किंवा दुप्पट-तिप्पट होईल, पण तासाला गीगाबाइटपर्यंत तो जात नाही. बोलण्याचा आवाज 64 केबीपीएसने जात असेल तर सतत बोलणाऱ्या एका माणसामागे तासाला सुमारे 29 एमबी लागतात. म्हणजे रोज 1.5 जीबी मिळणाऱ्या प्लॅनवर दोन-तीन तास खेळ आरामात बसतो. डेटा खातात ते दुसरेच: गेमचे अपडेट, जे एकेकटे काही जीबींचे असते, आणि शेजारी चालू असलेला व्हिडिओ. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमधल्या `Data usage` मध्ये प्रत्येक ॲपचा खर्च वेगळा दिसतो, फोनमध्ये मात्र तो सगळा हॉटस्पॉटच्या एकाच आकड्यात जातो. त्यामुळे तपास लॅपटॉपवर करावा.

रोजचा डेटा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला फक्त 8,000 बाइट. वरच्या हिशेबातल्या गेमला 35,200 लागतात. त्यामुळे डेटा संपल्यावर व्हॉट्सॲपचे संदेश जातात पण गेम चालत नाही, यात नवल नाही. ज्या प्लॅनमध्ये 5जी डेटा अमर्याद आहे त्यांच्यातही ही अडचण येते, कारण फोन 5जीवर असेपर्यंतच तो अमर्याद असतो; खोलीत 5जीची रेंज काठावर असेल तर फोन मधूनच 4जीवर येतो आणि तेवढा खर्च रोजच्या मर्यादेतून वजा होतो. असा फोन दोन्हींमध्ये सतत उड्या मारत असेल तर प्रत्येक उडीसोबत पिंगही उसळतो. त्या वेळी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये फक्त 4जी निवडून ठेवल्याने सरासरी पिंग थोडा वाढेल, पण खेळ स्थिर होईल, आणि माझ्या मते तोच सौदा घ्यावा. फक्त मग डेटा रोजच्या मर्यादेतला जाणार हे ध्यानात असावे.

एवढे सगळे करूनही उरतो तो टॉवरवरच्या गर्दीचा प्रश्न, आणि त्यावर खोलीत बसून उपाय नाही. तो ओळखायचा असेल तर यूएसबी टिथरिंगवर, बाकी सगळे अपलोड बंद ठेवून, तीच शंभर पॅकेटांची चाचणी एकदा रात्री नऊच्या सुमारास आणि एकदा पहाटे करावी. पहाटे कमाल आकडा 60 च्या आत राहतो आणि रात्री तोच 300 पर्यंत जातो, पण फोनपर्यंतची पहिली ओळ दोन्ही वेळा 1 ते 3 मिलिसेकंदच दाखवते, असे झाले तर दोष गर्दीचा आहे हे नक्की. अशा वेळी महागडा प्लॅन घेऊन काही साधत नाही, कारण जास्त डेटा विकत घेतल्याने टॉवरकडून मिळणारी पाळी लवकर येत नाही. मित्राचे दुसऱ्या कंपनीचे सिम एका रात्रीसाठी फोनमध्ये घालून, त्याच खिडकीत, त्याच वेळी हीच चाचणी करावी, आणि सिम बदलायचे की नाही हे त्या दोन कमाल आकड्यांवरून ठरवावे.